नफा कोपऱ्यातच का सापडतो

दहा एकर कोरडवाहू रान आहे. खरीप तोंडावर आला आहे. सोयाबीन आणि कापूस ही दोन पिकं घ्यायची ठरली आहेत, पण कोणतं किती एकर हे ठरलेलं नाही. सोयाबीनला एकरी वीस हजार रुपये खर्च येतो आणि कापसाला तीस हजार. हाताशी भांडवल आहे दोन लाख चाळीस हजारांचं. मजुरांचाही हिशेब आहे. सोयाबीनला हंगामभरात एकरी १५ मजूर लागतात, कापसाला वेचणीमुळे ४५, आणि एकूण ३१५ मजुरांपेक्षा जास्त मिळणार नाहीत. सगळा खर्च वजा जाता सोयाबीन एकरी बारा हजार देईल आणि कापूस पंधरा हजार, असं धरू. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, पण प्रश्नाचा आकार खरा आहे. बारावीच्या गणितात लिनिअर प्रोग्रॅमिंग नावाचं जे प्रकरण असतं, ते याच आकाराच्या प्रश्नांचं.

पहिला विचार येतो तो असा, की कापूस एकरी जास्त देतो तर सगळा कापूसच लावू. पण ३१५ मजुरांत सातच एकर कापूस निघतो. तीन एकर रान पडीक राहतं आणि हाती येतात एक लाख पाच हजार. मग सगळं सोयाबीन? दहा एकरांचे एक लाख वीस हजार होतात. हे बरं आहे, पण बरंच भांडवल बिनवापराचं राहतं. नेमकं सांगायचं तर चाळीस हजार खर्चाविना आणि निम्म्याहून जास्त मजूर कामाविना. म्हणजे उत्तर दोन्ही पिकांच्या मिश्रणात कुठंतरी आहे. ते शोधायला कागदावर चित्र काढतात.

सोयाबीनचे एकर आडव्या अक्षावर मोजू आणि त्यांना ‘क्ष’ म्हणू. कापसाचे एकर उभ्या अक्षावर, ते ‘य’. आता कागदावरचा प्रत्येक बिंदू म्हणजे पेरणीचा एक बेत झाला. (४, ३) म्हणजे चार एकर सोयाबीन आणि तीन एकर कापूस. जमिनीची अट लिहायची तर क्ष + य ≤ १०. भांडवल दहा हजारांत मोजलं तर २क्ष + ३य ≤ २४. मजुरांच्या अटीला १५ ने भागलं की उरतं क्ष + ३य ≤ २१. शिवाय एकर उणे असू शकत नाहीत, म्हणून क्ष आणि य दोन्ही शून्य किंवा जास्त.

प्रत्येक अटीत ‘≤’ च्या जागी ‘=’ घातलं की एक सरळ रेषा मिळते, आणि रेषा काढायला दोन बिंदू पुरतात. भांडवलाच्या समीकरणात य शून्य घेतला तर क्ष येतो १२, क्ष शून्य घेतला तर य येतो ८. म्हणून ही रेषा आडव्या अक्षाला १२ वर आणि उभ्या अक्षाला ८ वर छेदते. जमिनीची रेषा १० आणि १० वर, मजुरांची २१ आणि ७ वर. रेषेनं कागदाचे दोन भाग होतात. त्यातला कोणता ठेवायचा हे ठरवायला आरंभबिंदू (०, ०) अटीत घालून पाहायचा. २ × ० + ३ × ० म्हणजे शून्य, ते २४ पेक्षा कमी आहे, अट पाळली गेली. म्हणून आरंभबिंदूची बाजू ठेवायची. एक अडचण लक्षात ठेवायला हवी. ‘कापूस सोयाबीनच्या दुपटीपेक्षा जास्त नको’ अशी अट असेल, तर य = २क्ष ही रेषा आरंभबिंदूतूनच जाते आणि तो बिंदू काहीच सांगत नाही. तेव्हा (१, ०) सारखा रेषेबाहेरचा बिंदू घ्यायचा.

सगळ्या अटी एकाच वेळी जिथं पाळल्या जातात तो भाग पेन्सिलनं छायांकित करतात. पुस्तकात त्याला ‘फीजिबल रीजन’ म्हणतात. आपल्या चित्रात तो पाच कोपऱ्यांचा तुकडा आहे. आरंभबिंदूपासून आडव्या अक्षानं (१०, ०) पर्यंत जायचं, तिथून जमिनीच्या रेषेवरून वर (६, ४) पर्यंत, मग भांडवलाच्या रेषेवरून (३, ६) पर्यंत, मग मजुरांच्या रेषेवरून (०, ७) पर्यंत, आणि उभ्या अक्षानं परत खाली. या तुकड्याच्या आत आणि कडेवर असंख्य बेत आहेत. त्यातला सर्वांत फायद्याचा शोधायला पाच कोपरेच तपासायचे, असं पुस्तक सांगतं. नफा १२क्ष + १५य हजार रुपये. (०, ०) वर शून्य, (१०, ०) वर १२०, (६, ४) वर १३२, (३, ६) वर १२६, (०, ७) वर १०५. उत्तर: सहा एकर सोयाबीन, चार एकर कापूस, नफा एक लाख बत्तीस हजार.

इथं एक सापळा आहे आणि परीक्षेत त्यात बरेच जण सापडतात. आपल्याकडे तीन अटींच्या रेषा आणि दोन अक्ष, अशा पाच रेषा आहेत. त्या एकमेकींना दहा ठिकाणी छेदतात, पण त्यातले पाचच छेदबिंदू छायांकित भागाचे कोपरे आहेत. जमिनीची आणि मजुरांची रेषा (४.५, ५.५) वर छेदतात. चित्र न काढता नुसती समीकरणं सोडवत गेलं तर हा बिंदू यादीत येतो, आणि त्याचा नफा भरतो १३६.५, म्हणजे खऱ्या उत्तरापेक्षा जास्त. मोह पडावा असाच आकडा आहे. पण भांडवलाच्या अटीत तो घालून पाहिला तर २ × ४.५ + ३ × ५.५ = २५.५ येतात. दोन लाख पंचावन्न हजार लागतील आणि हाताशी आहेत दोन लाख चाळीस. म्हणून प्रत्येक छेदबिंदू उरलेल्या सगळ्या अटींत घालून पाहायचा आणि मगच त्याला कोपरा म्हणायचं. या तपासणीला अर्धा मिनिट लागतो.

प्रवेश परीक्षांत हाच प्रश्न उलटाही येतो. छायांकित चित्र दिलेलं असतं आणि अटी ओळखायच्या असतात. तिथं अक्षांवरचे छेद वाचायचे. १२ आणि ८ वर छेदणारी रेषा म्हणजे क्ष/१२ + य/८ = १; दोन्ही बाजूंना २४ ने गुणलं की २क्ष + ३य = २४ परत मिळतं. मग छाया कोणत्या बाजूला आहे हे बघून ≤ की ≥ ते ठरवायचं.

आता मुख्य प्रश्न. असंख्य बेतांपैकी कोपरेच का तपासायचे? आतल्या एखाद्या बिंदूवर नफा जास्त का नसेल? वर्गात हे बहुधा प्रमेय म्हणून सांगून पुढं जातात. मला ते खटकतं, कारण याचं कारण चित्रातच दिसतं आणि एकदा दिसलं की नियम पाठ करावा लागत नाही.

आतला कोणताही बिंदू घ्या, समजा (४, ४). नफा १०८. जमीन उरली आहे, भांडवल उरलं आहे, मजूरही उरले आहेत. मग सोयाबीन थोडं वाढवायला अडवणारं कोणी नाही, आणि वाढवलं की नफा वाढणारच. म्हणजे आतला बिंदू सर्वोत्तम असू शकत नाही. कोणती तरी अट टोचेपर्यंत पुढं जाता येतं. असं पुढं जात आपण कडेवर पोचतो. कडेवर एक अट ताणली गेलेली असते, पण कडेच्या दोन्ही दिशांना सरकायला मोकळीक असते. भांडवलाच्या कडेवर (३, ६) पासून निघालो आणि तीन एकर सोयाबीन वाढवून दोन एकर कापूस कमी केला, तर भांडवल तेवढंच लागतं. नफा मात्र ३६ ने वाढतो आणि ३० ने घटतो, म्हणजे निव्वळ सहा हजार वाढतो. कड सरळ आहे आणि नफ्याचं सूत्रही सरळ आहे, म्हणून ही वाढ संपूर्ण कडेवर एकाच दरानं होते, मध्येच ती उतरणीला लागत नाही. त्यामुळे कडेच्या टोकापर्यंत जाणंच फायद्याचं, आणि कडेचं टोक म्हणजेच कोपरा. नफ्याच्या सूत्रात क्षचा वर्ग आला असता, किंवा एकर वाढवत गेल्यावर बाजारभाव पडत गेला असता, तर हा सगळा युक्तिवाद कोसळला असता आणि उत्तर कडेच्या मध्यावर किंवा पार आतही निघू शकलं असतं. कोपऱ्यांचा नियम केवळ सरळ सूत्रांपुरता आहे.

हेच चित्रावर दुसऱ्या रीतीनंही दिसतं. ज्या बेतांचा नफा साठ हजार आहे ते सगळे १२क्ष + १५य = ६० या रेषेवर आहेत. ज्यांचा एक लाख वीस हजार, ते तिला समांतर अशा वरच्या रेषेवर. पट्टी या दिशेनं कागदावर ठेवायची आणि दिशा न बदलता आरंभबिंदूपासून दूर सरकवत न्यायची. छायांकित भाग सोडताना पट्टी शेवटची जिथं टेकते तो आपला बिंदू. तुकड्याला कुठंही खाच नाही, त्यामुळे पट्टी शेवटी कोपऱ्यालाच टेकते. अपवाद एकच, पट्टी एखाद्या कडेला नेमकी समांतर असली तर. सोयाबीनचा नफा बारा हजारांऐवजी दहा हजार धरला, तर १०क्ष + १५य ही पट्टी भांडवलाच्या रेषेला समांतर होते. मग (६, ४) वरही १५० येत नाहीत, १२० येतात, आणि (३, ६) वरही १२०च. अशा वेळी त्या दोन कोपऱ्यांमधल्या कडेवरचा प्रत्येक बेत सारखाच चांगला असतो. दोन कोपऱ्यांवर एकच कमाल किंमत आली की ‘उत्तरं असंख्य आहेत’ असं लिहायचं ते यामुळे.

पट्टीच्या या चित्रातून शेतकऱ्याच्या कामाची एक गोष्ट निघते. कापसाचा नफा पंधरा हजारांवर स्थिर धरू आणि सोयाबीनचा बदलू देऊ. तो दहा ते पंधरा हजारांमध्ये कुठंही असला तरी पट्टी (६, ४) लाच टेकते. म्हणजे भावात बराच चढउतार झाला तरी पेरणीचा बेत तोच राहतो, फक्त हाती येणारी रक्कम बदलते. नफा दहाच्या खाली गेला की मात्र उत्तर एकदम (३, ६) वर उडी मारतं, पाचच्या खाली गेला की (०, ७) वर, आणि पंधराच्या वर गेला की (१०, ०) वर. भाव हळूहळू बदलतो, पण योग्य बेत हळूहळू बदलत नाही. भावाचा अंदाज किती अचूक हवा हे यावरून कळतं: अकरा की तेरा याची चिंता नको, नऊ की अकरा याची हवी.

आता उलट प्रकारचा प्रश्न, कमीत कमी खर्चाचा. एका दुभत्या गाईला रोज किमान चार किलो खुराक द्यायचा आहे आणि त्यातून किमान ६०० ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत. सरकी पेंडेच्या एका किलोत २०० ग्रॅम प्रथिनं धरू, मक्याच्या भरड्यात १०० ग्रॅम. पेंड तीस रुपये किलो, भरडा वीस रुपये. पेंड क्ष किलो, भरडा य किलो. अटी होतात क्ष + य ≥ ४ आणि २क्ष + य ≥ ६. या वेळी आरंभबिंदू अटी पाळत नाही, म्हणून छाया त्याच्या विरुद्ध बाजूला, वर आणि उजवीकडे पसरते. तिला वरून कुंपण नाही. कोपरे तीन: (०, ६) वर खर्च १२० रुपये, (२, २) वर १०० रुपये, (४, ०) वर पुन्हा १२०. कमीत कमी शंभर रुपये, दोन किलो पेंड आणि दोन किलो भरडा.

पण कुंपण नसलेल्या भागात कोपऱ्यांच्या कोष्टकावर लगेच विश्वास ठेवता येत नाही. याच कोष्टकावरून कोणी ‘जास्तीत जास्त खर्च १२०’ असं लिहिलं तर ते साफ चूक आहे. दहा किलो पेंड घातली तर खर्च तीनशे होतो, आणि त्याला वर सीमाच नाही. कमाल किंमत इथं अस्तित्वातच नाही. म्हणून अशा वेळी आणखी एक पडताळा घेतात. ३०क्ष + २०य < १०० असा भाग काढायचा आणि तो छायांकित भागाला कुठं छेदतो का ते पाहायचं. इथं तो आडव्या अक्षावर ३.३३ आणि उभ्या अक्षावर ५ इथं संपतो आणि छायेला शिवत नाही. म्हणजे शंभरापेक्षा स्वस्त बेत नाही.

हीच खात्री चित्राशिवायही करून घेता येते, आणि मला या सगळ्या प्रकरणात हा भाग सर्वांत सुंदर वाटतो. पहिल्या अटीला दहानं गुणा: १०क्ष + १०य ≥ ४०. दुसरीलाही दहानं गुणा: २०क्ष + १०य ≥ ६०. दोन्हींची बेरीज करा: ३०क्ष + २०य ≥ १००. डावी बाजू म्हणजे आपला खर्चच. खर्च शंभराखाली जाऊच शकत नाही हे अटींनीच सांगितलं. आलेख नको, कोपरे नकोत.

शेताच्या प्रश्नातही असे गुणक सापडतात. जमिनीच्या अटीला ६ ने गुणलं तर ६क्ष + ६य ≤ ६०. भांडवलाच्या अटीला ३ ने गुणलं तर ६क्ष + ९य ≤ ७२. बेरीज १२क्ष + १५य ≤ १३२. नफा एक लाख बत्तीस हजारांच्या वर जाणार नाही, हे तीन ओळींत सिद्ध झालं. मजुरांची अट वापरावीच लागली नाही, कारण (६, ४) वर २७० मजूर लागतात आणि ४५ उरतात.

हे ६ आणि ३ नुसते गणिती गुणक नाहीत. शेजारचं एक एकर खंडानं मिळत असेल तर जमिनीची अट क्ष + य ≤ ११ होते. नवा कोपरा येतो (९, २), नफा १३८, म्हणजे बरोबर सहा हजारांनी जास्त. त्या एकराचा खंड सहा हजारांच्या आत असेल तर घ्यावा, वर असेल तर सोडावा. तसंच दहा हजार भांडवल जास्त मिळालं तर कोपरा (५, ५) वर सरकतो आणि नफा १३५ होतो, तीन हजारांनी जास्त. हंगामापुरतं दहा हजारांचं कर्ज तीन हजारांपेक्षा कमी व्याजात मिळत असेल तर ते परवडतं. जादा मजूर मिळवण्यासाठी मात्र एक रुपयाही जास्त मोजू नये, कारण मजूर आधीच शिल्लक आहेत आणि त्या अटीचा गुणक शून्य आहे. इंग्रजी पुस्तकं या गुणकांना ‘शॅडो प्राइस’ म्हणतात.

या किमतींनाही मर्यादा आहे. भांडवल वाढवत गेलो तर दर दहा हजारांमागे तीन हजार मिळत राहतात, पण दोन लाख पंचावन्न हजारांपर्यंतच. तिथं कोपरा (४.५, ५.५) वर पोचतो आणि मजूर संपतात. मघाशी जो बिंदू खोटा म्हणून बाद केला तोच आता खरा कोपरा झाला. त्यापुढं मिळालेलं भांडवल नुसतं पडून राहील, आणि किंमत असेल ती मजुरांना.

दोनच पिकं असली की कागद पुरतो. तिसरं पीक आलं की चित्र त्रिमितीत जातं, आणि पन्नास पिकं, पन्नास अटी असल्या तर कोपऱ्यांची संख्या मोजण्यापलीकडे जाते. अमेरिकी हवाई दलाच्या नियोजनावर काम करताना जॉर्ज डँटझिग यांनी १९४७ मध्ये त्यावर ‘सिंप्लेक्स’ पद्धत काढली. सगळे कोपरे तपासायचे नाहीत. एका कोपऱ्यावर उभं राहायचं, तिथून निघणाऱ्या कडांपैकी नफा वाढवणारी कड धरायची, तिच्या टोकाच्या कोपऱ्यावर जायचं, आणि एकही कड वर नेत नाही असं दिसलं की थांबायचं. आपल्या शेतात (०, ०) वरून (१०, ०), तिथून (६, ४), आणि काम संपलं. (३, ६) आणि (०, ७) पाहावेच लागत नाहीत. व्यवहारात ही पद्धत वेगानं चालते. पण १९७२ मध्ये क्ली आणि मिंटी या गणितज्ञांनी असे मुद्दाम वाकडे आकार रचून दाखवले, की सिंप्लेक्सला त्यांचा एकूण एक कोपरा फिरून यावं लागतं.

त्यानंतर १९८४ मध्ये, आयआयटी मुंबईत शिकलेले आणि तेव्हा अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये असलेले नरेंद्र करमरकर यांनी वेगळी वाट काढली. त्यांची पद्धत कडेनं चालत नाही. ती छायांकित भागाच्या पोटातून, कडांपासून अंतर राखत, उत्तराकडे सरकते, आणि वाकड्यात वाकड्या आकारातही तिच्या पायऱ्यांची संख्या आवाक्यात राहते याची हमी देता येते. आज मोठे प्रश्न सोडवणाऱ्या संगणकीय प्रणालींत सिंप्लेक्स आणि आतून जाणाऱ्या पद्धती दोन्ही असतात. आतून जाणाऱ्या पद्धतीची एक खोड आहे. पट्टी कडेला समांतर असेल आणि असंख्य उत्तरं असतील, तर ती कडेच्या मध्यावर कुठंतरी थांबते. दहा हजारांच्या सोयाबीनसाठी ती (६, ४) किंवा (३, ६) न सांगता साडेचार आणि पाच एकरांच्या आसपासचा बेत सांगेल. म्हणून या प्रणाली शेवटी ‘क्रॉसओव्हर’ नावाची आणखी एक पायरी चालवतात. आतून आलेलं उत्तर घेऊन त्या जवळच्या कोपऱ्यावर जातात, कारण कोणती अट ताणली आहे आणि कोणती सैल आहे हे कोपऱ्यावर स्पष्ट वाचता येतं.